सवलत नको, गादीचे वजन पाहा

गेल्या महिन्यात एक शिक्षक कंबरदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आले. सकाळी उठताना कंबर धरते आणि दुपारपर्यंत मोकळी होते, असे त्यांचे म्हणणे. तपासणीत विशेष काही आढळले नाही, म्हणून मी गादीची चौकशी केली. 12,000 रुपयांची नामांकित गादी त्यांना निम्म्या किमतीत मिळाली होती. वर्षातच तिला मधोमध खड्डा पडला.

मी त्यांना तिचे वजन करायला सांगितले. 6 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 4 इंच जाड अशी ती फोमची गादी साडेतीन किलो भरली. म्हणजे घनता घनमीटरला सुमारे 20 किलो. 40 घनतेची गादी याच मापात सात किलोच्या आसपास भरते. हलक्या फोममध्ये माल कमी असतो, त्यामुळे तो लवकर दबतो.

हमी 10 वर्षांची होती. पण एक इंचाहून खोल खड्डाच ग्राह्य, अशी अट. यांचा खड्डा पाऊण इंच!

कंबरदुखीला साधारणतः मध्यम कडक गादी मानवते. ते दुकानात दोन मिनिटे बसून कळत नाही. तेव्हा घनता बिलावर लिहून घ्यावी, हमीपत्रातील अट वाचावी आणि किती रात्री वापरून गादी परत करता येईल, हे विचारावे. मात्र दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.