फीचर फ्लॅग आणि चेकआउटमधील बदलाची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी

प्रस्तावना :
ऑनलाइन खरेदीत ग्राहक ज्या अखेरच्या टप्प्यावर पत्ता देतो व पैसे भरतो, त्यास चेकआउट म्हणतात. येथील प्रणालीत दोष राहिल्यास पैसे कापले जाऊनही मागणी नोंदली न जाण्याचा धोका संभवतो. म्हणून नवी पद्धती जुनीच्या शेजारी ठेवून, कोणत्या ग्राहकास कोणती मिळावी हे फीचर फ्लॅग या नियंत्रक कळीने ठरविले जाते. प्रस्तुत लेखात या कळीचे कार्य व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

ग्राहकांची विभागणी :
ग्राहकाचा ओळखक्रमांक व फ्लॅगचे नाव यांपासून हॅश फलनाद्वारे एक संख्या काढली जाते. तिला १०० ने भागल्यावर बाकी ० उरणाऱ्या, म्हणजे सुमारे १ टक्का ग्राहकांना प्रारंभी नवी पद्धती मिळते. १० टक्क्यांच्या टप्प्यावर ती ० ते ९ बाकी उरणाऱ्यांना मिळते. त्यामुळे प्रमाण वाढले तरी आधीचे ग्राहक नव्या पद्धतीतच राहतात. मात्र चेकआउटच्या आरंभी झालेला निर्णय मागणीसोबत नोंदवून ठेवावा लागतो. अन्यथा मध्येच प्रमाण घटविल्यास नव्या पद्धतीने पैसे भरून परतणारा ग्राहक जुन्या पद्धतीच्या हाती पडतो आणि त्याची मागणी हरवू शकते.

निरीक्षण :
समजा, रोज २०,००० ग्राहक चेकआउटला येतात व जुन्या पद्धतीत ९० टक्के व्यवहार पूर्ण होतात. नव्या पद्धतीकडे १ टक्का, म्हणजे २०० ग्राहक गेले, तर १८० व्यवहार अपेक्षित असतात; परंतु केवळ योगायोगाने हा आकडा साधारण १७२ ते १८८ असा हलू शकतो. नव्या पद्धतीचे यश ८० टक्क्यांवर आले, तर सुमारे १६० हा आकडा पहिल्याच दिवशी दोष उघड करतो. ते ८८ टक्के असेल, तर १७६ हा आकडा स्वाभाविक चढउतारात लपून जातो. १० टक्क्यांच्या टप्प्यावर मात्र १,८०० ऐवजी १,७६० व्यवहार दिसतात आणि ही तूट योगायोगाच्या मर्यादेबाहेर जाते. तुलना कालच्या आकड्यांशी न करता त्याच दिवशीच्या जुन्या पद्धतीशी करणे उचित ठरते.

मर्यादा :
फ्लॅग बंद केल्याने नवे ग्राहक जुन्या पद्धतीकडे वळतात. परंतु नव्या पद्धतीने आधीच नोंदलेल्या मागण्या तशाच राहतात. त्या जुन्या पद्धतीस वाचता आल्या नाहीत, तर माघार अपुरी ठरते. तसेच काम संपलेला फ्लॅग व त्यामागील जुनी आज्ञावली काढून टाकावी लागते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर जुनीच आज्ञावली राहिली होती. ती जागी झाली आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

निष्कर्ष :
ग्राहकांचा लहान गट हानी मर्यादित करतो, पण सूक्ष्म दोष दाखवीत नाही. म्हणून १ टक्क्यावरील यश हे केवळ पुढील टप्प्याची अनुमती होय. ती बदलाच्या निर्दोषतेची ग्वाही नव्हे.