टसरला ठिपका, मुग्याला झळाळी

साडी रेशमी आहे एवढं कळून धुणाऱ्याला काहीच कळत नाही. तुतीचं रेशीम, टसर, मुगा आणि एरी हे चार वेगवेगळ्या किड्यांचे धागे आहेत आणि पाण्यात चौघांची वागणूक वेगळी. त्यातलं टसर तर आपल्या विदर्भातलंच. गडचिरोली, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे किडे वाढवतात. तिकडे त्याला कोसा म्हणतात.

फरक धाग्याच्या आकारापासून सुरू होतो. तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा तंतू अतिशय तलम असतो आणि आडवा कापून पाहिला तर गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण दिसतो. त्याच्या गुळगुळीत बाजूंवरून प्रकाश एकवट परततो, म्हणून पैठणीला ती ओली वाटावी अशी चकाकी. कोसा मात्र लहान अंड्याएवढ्या टणक कोशातून येतो. त्याचा तंतू जाड, चपटा, फितीसारखा. प्रकाश त्यावर विखुरतो आणि चमक मंद, तांबूस-मधाळ दिसते. तुतीचा तंतू तलम असूनही ताण चांगला सोसतो, तर कोशाचा तुटण्याआधी जास्त लांबतो. ओलं झालं की दोन्ही कमकुवत होतात, म्हणून रेशीम पिळू नये.

आता नागपूर-भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी घेऊ. तिचं अंग कोशाचं आणि काठ सुती, त्यावर करवतीच्या दात्यांची नक्षी. म्हणजे एकाच साडीत दोन स्वभाव. पहिला धोका काठाच्या रंगाचा. लाल किंवा काळपट काठ फिकट कोशावर उतरला की तो डाग निघत नाही. म्हणून आधी काठाच्या आतल्या टोकाला ओला पांढरा फडका दाबून धरावा. फडक्यावर रंग आला तर साडी घरी धुवायचीच नाही, सरळ ड्रायक्लीनला द्यायची.

दुसरा त्रास ठिपक्यांचा. जेवताना पाण्याचा थेंब कोशावर सांडतो, वाळतो आणि कडेला गोल वळं उरतं. कापडावर राहिलेला नैसर्गिक डिंक आणि विणकराने दिलेली खळ त्या थेंबात विरघळते, पाणी बाहेर सरकतं तशी तीही सरकते आणि कडेला साचते. तेवढाच भाग चोळला तर वळं मोठं होतं. उपाय एकच: रंग पक्का असेल तर अख्खी साडी एकसारखी भिजवायची.

गार पाण्यात गाळलेलं रिठ्याचं पाणी घालावं, साडी पाच-सात मिनिटं हलकेच वरखाली करावी, मग स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावी. रोजची धुण्याची पावडर नको. ती क्षारयुक्त असते आणि पुष्कळ पावडरींत रक्ताचे, दुधाचे डाग तोडणारी एन्झाइम्स असतात. रेशीमही प्रथिनच, त्यामुळे त्यांना डाग आणि साडी यांत फरक दिसत नाही. नंतर साडी टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत वाळवावी. सुती काठ आटला आणि अंग आटलं नाही तर काठाजवळ चुण्या पडतात, म्हणून साडी ओलसर असतानाच काठ हाताने सरळ करून ठेवावा. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडका ठेवून. इस्त्रीसाठी पाणी शिंपडायची सवय मात्र इथे सोडावी, कारण ठिपके पुन्हा तिथूनच सुरू होतात.

मुगा आसामचा. सोम आणि सोआलू या झाडांची पानं खाणाऱ्या किड्याचा हा धागा जातीचाच सोनेरी असतो, त्याला पिवळा रंग दिलेला नसतो. म्हणूनच तो धुण्यात उडून जायची भीती नाही. आसाममध्ये मुग्याची मेखला-चादर धुवत जावी तशी ती झळकते, असा अनुभव सांगतात. उरलेला डिंक हळूहळू निघून जातो आणि खालचा धागा उघडा पडतो. चिवटपणातही मुगा पुढे आहे, नीट सांभाळला तर पुढच्या पिढीलाही नेसता येतो. पांढरा किंवा फिकट निळा ‘मुगा’ कुणी दाखवला तर मात्र जरा चौकशी करावी.

एरीचा किडा एरंडाची पानं खातो. त्याच्या कोशाचं एक टोक उघडं राहतं, त्यामुळे तुतीसारखा अखंड धागा उलगडता येत नाही, लोकरीसारखं सूत कातावं लागतं. आखूड तंतूंचं सूत म्हटल्यावर चकाकी कमी, पोत लोकर-सुताच्या मधला आणि ऊब भरपूर. इथे बळकटी किड्यापेक्षा कातणाऱ्याने दिलेल्या पिळावर अवलंबून. सैल पिळाच्या शालीवर घासून गोळे धरतात, घट्ट पिळाची वर्षानुवर्षं टिकते. धुण्याच्या बाबतीत चौघांत हीच सर्वांत सोशिक. दरवेळी थोडी मऊ होत जाते, फक्त ओली शाल दोरीवर लोंबकळत ठेवली तर ताणते, म्हणून ती आडवी पसरून वाळवायची.