पोरका पडलेला लेख

अर्विंगला नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी आम्ही मित्र माहितीचे लेख लिहितो. टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा जुना लेख कोणी उघडतच नव्हतं. पाहिलं तर आमच्या एकाही लेखातून त्याच्याकडे लिंक नव्हती. पानाचं वजन त्यातल्या लिंकांमधून पुढच्या पानांत वाटलं जातं, हे पेज आणि ब्रिन यांनी १९९८ मध्येच मांडलं होतं. मग सर्वात जास्त वाचल्या जाणाऱ्या ‘जुनी गाडी घेताना’ या लेखात, लायसन्सचा विषय निघतो त्याच वाक्यात लिंक दिली. शब्दही ‘इथे वाचा’ नाहीत, ‘टेक्सासचं लायसन्स कसं काढायचं’ असे. तळाशी पंधरा लिंका टाकल्या असत्या तर वजन विखुरलं असतं, आणि तिथवर वाचतं कोण? त्याआधी जुनी माहिती मात्र ताजी करून घेतली हं. आता गाडीच्या लेखातून रोज कुणी ना कुणी तिकडे जातं.