जुन्या स्कूटरच्या व्हिडिओत आधी आरसी दाखवा

जुनी स्कूटर विकणाऱ्या डीलरने व्हिडिओची सुरुवात चकाकत्या रंगाने नव्हे, आरसीने करावी. समजा, २०१९ची स्कूटर आहे. त्याने सरळ सांगावं: "पहिलाच मालक. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आम्ही उतरवू. मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर होईल. मागचा टायर गुळगुळीत झालाय. किंमत ४२,००० रुपये. टायर आणि ट्रान्सफरचा खर्च वेगळा."

मग थंड इंजिन सुरू करून दाखवावं. आधीच गरम केलेल्या इंजिनात स्टार्टिंगचा दोष लपतो. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय, हेही कॅमेऱ्यासमोरच सांगावं.