पगार थांबला की एसआयपीचं काय करायचं?

गैरसमज: बाजार कोसळला की एसआयपी थांबवावी, सावरला की पुन्हा सुरू करावी.

जानेवारी २०२०च्या मध्याला निफ्टी १२,३६२वर होता, २३ मार्चला तो ७,६१०वर बंद झाला. समजा, पगार सुरळीत असलेल्या एकाने घाबरून निफ्टी इंडेक्स फंडातली दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी एप्रिल ते जून थांबवली. त्या तीन महिन्यांच्या अखेरीस निफ्टी साधारण ९,८६०, ९,५८० आणि १०,३०० होता. त्या भावांनी घातलेल्या ३०,००० रुपयांचे डिसेंबरअखेर सुमारे ४२,३०० झाले असते. ‘सगळं ठीक झाल्यावर’, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस तेच पैसे एकरकमी घातले असते, तर झाले असते ३२,३००. खर्च आणि लाभांश या हिशेबात धरलेले नाहीत. नेमके स्वस्तातले युनिट हातचे गेले.

बाजार दर वेळी इतक्या लवकर सावरत नाही. २००८च्या जानेवारीतली पातळी परत गाठायला निफ्टीला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणूनच नोकरी गेलेल्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

गैरसमज: नोकरी गेली तरी एसआयपी मोडू नये, शिस्त बिघडते.

हा सल्ला मला धोकादायक वाटतो. घरखर्च महिना ४०,००० आणि बचत खात्यात १,६०,००० असतील, तर चार महिने निभतात. १०,०००ची एसआयपी चालू ठेवली की तेच पैसे तीन महिने आणि काही दिवसांत संपतात. नोकरी मिळायला चौथा महिना लागला, तर किराणा आणि घरभाड्यासाठी जुने युनिट विकावे लागतात, तेही बाजार पडलेला असताना. दहा हजार घालायचे आणि चाळीस हजार तोट्यात काढायचे, यात शिस्त कसली? क्रेडिट कार्डावर उधारी करून हप्ता भरणं तर त्याहून वाईट. पुढचा पगार कधी येणार हे ठाऊक नसेल, तर एसआयपी पहिल्याच महिन्यात थांबवावी. वर्षभराचा खर्च बाजूला असेल, तर मात्र घाई नको.

गैरसमज: खात्यात पैसे नसले की हप्ता आपोआप चुकेल, वेगळं काही करायला नको.

हप्ता चुकला म्हणून फंड दंड लावत नाही, पण आदेश परत गेल्याचं शुल्क बँक कापू शकते, आणि तेही प्रत्येक एसआयपीमागे. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले, तर ती रद्दच होते. त्यापेक्षा फंडाच्या ॲपवरून ‘पॉज’ची विनंती करावी. किती महिने थांबवता येतं आणि किती दिवस आधी कळवायचं, याचे नियम प्रत्येक फंडाचे वेगळे असतात. त्यामुळे हप्त्याची तारीख जवळ आली असेल, तर आधी ते तपासावं. जुने युनिट तसेच राहतात. पॉजची मुदत संपली की हप्ता आपोआप पुन्हा कापला जातो. तोवर नोकरी लागली नसेल, तर त्याआधीच एसआयपी रद्द करावी.