लेकराचं नाक आणि अंथरूण

समजा, दोन वर्षांचं एक लेकरू आहे. दिवसा अंगणात चांगलं खेळतं. रात्री गादीवर निजवलं की शिंका सुरू होतात. नाकातून पाण्यासारखा शेंबूड येतो, मग नाक चोंदतं. लेकरू तोंडानं श्वास घेतं, घोरतं, नाक चोळतं आणि सारखं जागं होतं. ताप मात्र नसतो.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ही महिनाभर राहते. मग आपण अंथरुणाकडे पाहावं.

जुन्या गादीत, गोधडीत आणि उशीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. आपल्या अंगाची गळालेली कातडी हे त्यांचं अन्न. ते चावत नाहीत. पण त्यांची विष्ठा धुळीत मिसळते आणि ती नाकात गेली की काही लेकरांचं नाक सुजतं. यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हे किडे वाढतात. त्याच सुमारास गाजरगवत फुलतं. हे गवत आपल्याकडचं नव्हे. 1955 च्या सुमारास ते पुण्याकडे आढळलं आणि पुढं सगळीकडे पसरलं. त्याच्या फुलांच्या परागानंही नाक चोंदतं.

यावर उपाय काय? अकोला-अमरावतीचं ऊन कडक. तेच कामी लावावं. आठवड्यातून एकदा गादी आणि उशी सकाळी दहापासून चारपर्यंत उन्हात टाकावी. दुपारी उलटावी. मग घरापासून दूर नेऊन काठीनं झटकावी. झटकताना आपल्या नाकावर फडकं बांधावं आणि लेकराला जवळ येऊ देऊ नये. चादर आणि गोधडी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावी. गाजरगवताजवळ वाळत घालू नये. घर झाडताना लेकरू बाहेर ठेवावं, फरशी ओल्या फडक्यानं पुसावी. चुलीचा आणि बिडीचा धूर निजायच्या खोलीत नको.

नाक चोंदलं तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करावं. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावं. प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब टाकावे. पाणी रोज ताजं करावं. नाकात तेल मात्र घालू नये. ते फुफ्फुसात उतरतं.

आता दम्याची शंका केव्हा घ्यावी? रात्री किंवा पहाटे पुन्हापुन्हा खोकला येतो. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पळताना, हसतानाही खोकला उठतो. घरात कोणाला दमा असेल, तर शंका वाढते. असं असेल तर डॉक्टरला दाखवावं. दमा ठरला तर तोंडानं ओढायचं औषध देतात. त्याची सवय लागत नाही.

श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली गेली, ओठ निळे पडले, लेकरू दूध-पाणी घेईना, किंवा शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास मोजले, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.