पी-५३ चे वजन ५३ नाही

कर्करोगाच्या संशोधनात पी-५३ या प्रथिनाचे नाव सतत येते. नावातला ५३ हा त्याच्या वजनाचा आकडा, ५३ किलोडाल्टन. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडले तेव्हा त्याचे वजन जेलवरून ठरले. पुढे जनुकाचा क्रम उलगडला आणि माणसातल्या पी-५३ चा हिशेब लागला: ३९३ अमिनो आम्ले, वजन ४३.७. एवढा फरक पडला कसा?

पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे जेल म्हणजे बारीक छिद्रांचे जाळे. त्यातून विजेच्या ओढीने प्रथिने सरकतात. पण प्रत्येक प्रथिनाचा विद्युतभार वेगळा, घडी वेगळी. नुसतेच सोडले तर वेगावरून वजन कळणार नाही. म्हणून नमुन्यात एसडीएस मिसळतात. हा डिटर्जंट शाम्पूतही असतो. त्याची बारा कार्बनांची शेपटी प्रथिनाला चिकटते आणि ऋणभारित डोके बाहेर राहते. सोबत मर्कॅप्टोइथेनॉल गंधकाचे बंध तोडते, आणि पाच मिनिटे ९५ अंशांवर तापवल्यावर घडी पार मोडते. दर दोन अमिनो आम्लांमागे साधारण एक रेणू, म्हणजे एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस बसते. प्रथिनाचा मूळ भार त्याखाली झाकला जातो आणि लांबीच्या प्रमाणात ऋणभार मिळतो. आता लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात.

शेजारच्या खाचेत माहीत असलेल्या वजनांची प्रथिने सोडतात. समजा, निळा रंग ६० मिलिमीटर गेला, ६६ किलोडाल्टनचे प्रथिन १८ वर आणि २९ चे ३६ वर थांबले. आपले प्रथिन बरोबर मध्ये, २७ वर आहे. सरासरी काढून ४७.५ म्हणणे चूक. अंतराशी सरळ रेषेत जुळतो तो वजनाचा लॉगॅरिदम, त्यामुळे उत्तर ४३.७ च्या आसपास येते.

नेमके इथेच पी-५३ थांबायला हवे होते. ते थांबते साधारण २३ मिलिमीटरवर, म्हणजे ५३ पाशी. त्याच्या साखळीत प्रोलिनने भरलेला एक भाग आहे आणि सुरुवातीला आम्लधर्मी घटकांची गर्दी आहे. प्रोलिनमुळे साखळी ताठर राहते. आम्लधर्मी घटकांचा ऋणभार एसडीएसच्या ऋणभाराला दूर ढकलतो. गृहीत धरलेले १.४ चे प्रमाण अशा ठिकाणी टिकत नाही.

याचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा ७२ व्या जागेवर आहे. काही लोकांच्या पी-५३ मध्ये तिथे प्रोलिन असते, काहींच्यात आर्जिनिन. आर्जिनिन ५९ डाल्टनने जड, तरी तेच रूप जेलवर पुढे पळते. वजनावर वेग ठरला असता तर उलट दिसायला हवे होते. म्हणून जेलवरच्या आकड्याला ‘भासमान वजन’ म्हणावे; खरे वजन हवे असेल तर क्रमावरून काढावे किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजावे. पी-५३ चे खरे वजन कळले, तोवर नाव मात्र रूढ झाले होते.